लग्नघरातला तो एक संवाद

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

कथा वाचली. मामेबहिणीचं लग्न, निपाणीतलं मंगल कार्यालय, बेळगावहून आलेली अबोल नायिका आणि त्या गर्दीत तिला सापडलेलं एक माणूस. विषय तुला आतून कळलेला आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे, पण ती नेमकी मर्मावर आहे. ज्या संवादासाठी कथा लिहिलीस तो संवादच तिच्यात घडत नाही. नायिका गच्चीवर जाते, तिथे नवरदेवाकडचा एक मुलगा भेटतो, "मलाही गर्दी सोसत नाही" म्हणतो आणि पुढची चार पानं दोघं आपापल्या मनाबद्दल बोलत राहतात. अबोल माणसं पहिल्या भेटीत मनाबद्दल बोलत नाहीत. ती बोलली तर एखाद्या वस्तूबद्दल, कामाबद्दल बोलतात आणि मन त्यातून दिसतं. त्या चार पानांसाठीच हे पत्र.

आधी नायिकेचं थोडं. तू तिला घाबरट केलं आहेस. तिचे हात थरथरतात, घसा कोरडा पडतो. कार्ल युंगने 1921 साली अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली, ती मनाची ओढ कुठे असते यावरून. भित्रेपणाशी तिचा संबंध नव्हता. तुझी नायिका लोकांना भीत नाही, लोकांमध्ये दमते. हे दमणं "ती थकली होती" असं लिहून कळत नाही. लग्नात प्रत्येक नातेवाईक तिला तेच तीन प्रश्न विचारतो: कुठं असतीस, काय करतीस, आणि तुझं कधी? पहिल्यांदा मावशी विचारते तेव्हा तिन्ही उत्तरं पूर्ण लिही, तिच्या शब्दांत, नीट. दुसऱ्यांदा काकू विचारतात तेव्हा उत्तरं अर्ध्यावर आण. तिसऱ्यांदा नुसते प्रश्न लिही, उत्तरांच्या जागी ती पदर सावरते एवढंच येऊ दे. वाचक तिच्यासोबत दमेल. चौथ्यांदा मात्र लिहू नकोस, तिथे वाचक कंटाळतो.

आता वेळ आणि जागा. संवाद गच्चीवर घडवलास कारण तिथे शांतता हवी होती. पण मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, महिना मे. दुपारी सिमेंटच्या गच्चीवर कोणी पाच मिनिटंही उभं राहणार नाही. खाली वरातीचा डॉल्बी चालू असताना तर शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, तिथे हळवं बोलणं कोणी केलं तर वाचक विश्वास ठेवत नाही. म्हणून दिवसाचं घड्याळ कागदावर मांड. अक्षता पडेपर्यंत नायिकेला सुटका नाही, तिला बायकांच्या घोळक्यात उभंच राहावं लागणार. अक्षता पडल्या की सगळा मांडव जेवणाकडे वळतो. मंचावर लाजाहोम आणि सप्तपदी चालू असते, पण तिथे भटजी, नवरानवरी, आईवडील आणि फोटोग्राफर एवढेच उरतात. त्याच वेळी नवरीच्या खोलीत बॅगा, साड्या, दागिन्यांची पिशवी असते आणि ती राखायला कोणीतरी लागतं. हे काम कोणालाच नको असतं, कारण पहिली पंगत चुकते. तुझ्या नायिकेने ते मागून घ्यावं. ती पळून गेली असं होत नाही, उलट मामी तिला "गुणाची पोर" म्हणते, आणि दार लोटलं की डॉल्बी पण बंद झालेला असतो. वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. कथेला तेवढी पुष्कळ झाली.

दुसरं माणूसही बदल. समवयस्क मुलगा आला की वाचक लगेच सोयरीक जुळवायला बसतो आणि संवाद ऐकत नाही. नवरीची आत्याआजी घे, निपाणीचीच. गुडघे धरलेत म्हणून पंगतीची वाट बघत खोलीत टेकायला आली आहे. विड्यांच्या पानांची परडी कोणीतरी खोलीतच ठेवून जेवायला गेलं आहे, तर रिकामं बसवत नाही म्हणून आजी विडे करायला घेते. चुना, कात, सुपारी, घडी, वरून लवंग टोचायची. मुलगी बघते. इथे थांब आणि हात दाखव: आजी पानाचं देठ नखाने खुडते, शिरा अंगठ्याने दाबून मऊ करते, आणि तबकात ठेवलेले विडे सगळे एका उंचीचे, एका जाडीचे होतात.

हे कोणाच्याही नजरेत भरणार नाही, तुझ्या नायिकेच्या भरेल. कारण पहिल्या पानावर तूच लिहिलं आहेस की ती उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कास्टिंग तपासते. एक ओळ लिहून तू ती नोकरी विसरून गेलीस. कथेची चावी तिथे आहे.

साधारण असं होईल:

"तू न्हाई गेलीस जेवायला?"

"बॅगा राखालोय, आजी."

(पुढचं एक मिनिट कोणी बोलत नाही. नुसते विडे.)

"सगळे एका मापाचे झालेत की."

"हाताला सवय हाय. बिड्या वळल्यात जल्मभर."

आता इथे नायिका काय म्हणते यावर सगळं ठरतं. ती "किती कष्ट केलेत तुम्ही!" म्हणाली तर आजी "व्हय बाई" म्हणेल आणि बोलणं संपेल. कौतुकाचं उत्तर आधीपासून तयार असतं, त्या तीन प्रश्नांच्या उत्तरांसारखंच. खऱ्या बोलण्यात पुढचा प्रश्न मागच्या उत्तरातल्या एखाद्या शब्दाला धरून येतो. तिने माप हा शब्द काढला होता, तोच पुढे न्यावा:

"मग माप कशानं घ्यायचासा?"

"पत्र्याचा तुकडा असतोय. भिजवल्यालं पान घ्यायचं, त्यावर पत्रा ठेवायचा, कातरीनं कापायचं."

"आणि एखादी सैल झाली तर?"

"छाट."

"छाट कोण काढायचं?"

या प्रश्नावर आजीचा हात थांबू दे. साध्या गप्पांत एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, म्हणून एका सेकंदाची शांतताही ऐकणाऱ्याला जाणवते. "ती क्षणभर गप्प झाली" असं लिहून ती शांतता वाचकापर्यंत पोचत नाही. आजीने लवंग उचलली आणि टोचली नाही, असं लिही. पहिल्यांदाच तिला असं काही विचारलंय ज्याचं उत्तर तोंडात तयार नाही. मग ती सांगेल: कारखान्याचा माणूस हजार बिड्यांतून मूठ-मूठ काढायचा. पान फाटकं, दोरा ढिला, तंबाखू कमी. त्या बाजूला टाकलेल्या बिड्यांची मजुरी नाही, आणि बिड्या परत पण नाहीत. पान वजनावर मिळायचं, बिड्या मोजून द्यायच्या, पान खराब निघालं तर भर घरातून. आणि त्या माणसाने कधी सांगितलं नाही की कुठली बिडी कशासाठी काढली.

कामाची माहिती एवढीच पुरे. यापुढे गेलीस तर लेख होईल. आणि एक लक्षात ठेव: तुझ्या टिपणात 1981 चं निपाणीचं आंदोलन या आजीला जोडलं आहेस. ते आंदोलन तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं, शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं, भावासाठीचं. बिडी वळणाऱ्या बायकांचं भांडण मजुरीचं आणि छाटीचं, ते वेगळं. निपाणीचा वाचक ही चूक पहिल्या वाचनात पकडेल आणि मग आजीवरचा विश्वासही जाईल. आंदोलन काढून टाक.

आतापर्यंत मुलगीच विचारते आहे, म्हणजे ही मुलाखत झाली. संवाद व्हायचा तर तिला स्वतःचं काहीतरी द्यावं लागेल, आणि तेही अडचणीचं. तिच्याकडे ते आहे. ती छाट काढणारी आहे:

"मी बी तेच करालोय, आजी. कारखान्यात."

मग तिने आपलं काम सांगावं, आजीला कळेल असं. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. वाळू ओली राहिली किंवा आतल्या वायूला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात, वरून कधी दिसतात, कधी मशीनवर सोलल्यावरच उघड्या पडतात. मग ती त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला टाकते. दिवसभर कोणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून तिला ही नोकरी आवडते. हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून यायलाच हवं. सकाळपासून "काय करतीस" हे सगळ्यांनी विचारलं, आणि खरं उत्तर तिने इथे पहिल्यांदा दिलं.

आणि त्यावर आजीचा प्रश्न:

"मग ज्यानं केलंय त्याला दावतीस काय, कुठं चुकलंय ते?"

ती दाखवत नाही. साचे भरणाऱ्या माणसांशी बोलायला जावं लागू नये म्हणूनच ती दाखवत नाही. तिचा अबोलपणा दुसऱ्या कोणाला महागात पडतो आहे, हे तिला आत्ता कळतंय आणि आजीला ते बोलायचंही नव्हतं. आजीच्या आवाजात ठपका आणू नकोस. तिला खरोखरच जाणून घ्यायचं आहे, कारण हा प्रश्न तिच्या मनात कित्येक वर्षं होता आणि तो विचारायला समोर माणूस नव्हता.

लगेच दार उघडू दे. मामेभाऊ येतो: "अगं, फोटोला बोलवालेत, चल लवकर!" उत्तर राहून जातं. इथून कथा अर्ध्या पानात संपव. तुझ्या खर्ड्यात नायिका संवादानंतर हसत नाचायला जाते, ते खोटं आहे. एका बोलण्याने माणसाचा पिंड बदलत नाही. ती फोटोला जाईल, दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभी राहील, पायांना कळ लागलेलीच असेल. फरक एवढाच पडेल की आत्तापर्यंत ती मनात बस किती वाजता आहे ते मोजत होती, आता ती साचे भरणाऱ्या त्या माणसाचं नाव आठवायचा प्रयत्न करते आहे. नाव तिला आठवलं की नाही हे लिहू नकोस.

भाषेचं एक. निवेदन प्रमाण मराठीत आहे ते तसंच राहू दे. बोलणं आपल्याकडचं ठेव, आणि नायिका आजीशी बोलताना "मी करालोय", "मी येतो" असंच म्हणू दे. पहिल्या खर्ड्यात तिला "मी करतेय" म्हणायला लावलंस ते पुण्याच्या वाचकासाठी, पण मग ती निपाणीच्या आजीसमोर पाहुणी वाटते. कन्नड शब्दही मुद्दाम पेरू नकोस. आचारी कन्नडमध्ये ओरडतो आणि पंगतीत हुग्गी वाढतात, तेवढं आहे ते पुरे.

पूर्ण कथा इतक्यात पुन्हा लिहू नकोस. आधी फक्त त्या खोलीतली तीन पानं लिही, दार लोटल्यापासून दार उघडेपर्यंत, आणि कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. आजीची आणि मुलीची वाक्यं नावं न सांगता ओळखू आली पाहिजेत. आली की पाठव.

तुझी हितचिंतक