‘माझा मुलगा कमी पडतोय का?’

"माझा मुलगा फुटबॉल खेळतो. अकरा वर्षांखालच्या संघाच्या निवड चाचणीत सलग दुसऱ्या वर्षी त्याचं नाव आलं नाही. सर म्हणतात, पायात कौशल्य आहे पण 'ताकद कमी पडते'. आता तो सरावाला जायलाच नको म्हणतो. त्याच्यात खरंच काही कमी आहे का? की खेळ बदलून बघावा?"

ताई, तुमच्या फोननंतर मी पहिलं काम केलं ते जन्मतारीख विचारण्याचं. 14 डिसेंबर. आणि त्या वयोगटाची मर्यादा धरली जाते 1 जानेवारी. म्हणजे तो गटातल्या जवळपास सगळ्यांपेक्षा लहान आहे. एप्रिलमधल्या चाचणीच्या दिवशी तो 10 वर्षं 4 महिन्यांचा होता आणि त्याच्यासोबत धावणारा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला त्याचा मित्र 11 वर्षं 3 महिन्यांचा. मोठ्या माणसांत अकरा महिने म्हणजे काहीच नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र तो त्याच्या आयुष्याचा जवळजवळ अकरावा हिस्सा असतो.

(घरच्यांच्या आणि सरांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुढच्या भेटीला मी सरांनाही बोलावलं. ते त्यांची वही घेऊन आले. दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजून लिहून ठेवायची त्यांची सवय आहे आणि त्या दिवशी तिचा फार उपयोग झाला. मुलाची एप्रिलमधली उंची होती 139 सेंटीमीटर, मित्राची 144.5. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी सरांना मित्राचं मागच्या वर्षी मे महिन्याचं पान उघडायला सांगितलं, म्हणजे मित्र याच्याएवढा होता तेव्हाचं. तिथे लिहिलं होतं 139.5. अर्धा सेंटीमीटर! मुलाने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं. "म्हणजे तेव्हा तो माझ्याएवढाच होता?" त्या दिवशी तो आपणहून बोललेला हा पहिला प्रश्न.

याला सापेक्ष वय परिणाम म्हणतात. वर्षभरातली मुलं एका गटात टाकली की मर्यादेच्या तारखेनंतर लगेच जन्मलेली उंच, वजनदार आणि वेगवान दिसतात, आणि निवडणाऱ्याला ते 'गुण' वाटतात. 1985 मध्ये बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी संघांत हे मोजून दाखवलं. पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू खूप जास्त, शेवटच्या तिमाहीतले खूप कमी. हा जन्ममहिन्याचा गुण नाही, हे बेल्जियममध्ये स्पष्ट झालं. तिथे 1997 मध्ये युवा फुटबॉलची मर्यादा 1 ऑगस्टवरून 1 जानेवारीवर आली आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुलांचं पारडं हलकं होऊन जानेवारी-फेब्रुवारीच्या मुलांचं जड झालं. मुलं तीच होती, रेघ फक्त सरकली होती.

सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, मी तर निवड करताना कुणाची जन्मतारीख कधी पाहिलीच नाही." ते खरं बोलत होते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. हा पक्षपात कुणी मुद्दाम करत नाही. तारीख नजरेआड असते, शरीर मात्र समोर असतं.

मग आम्ही त्यांचीच यादी मोजली. कोणत्याही प्रशिक्षकाला दहा मिनिटांत करता येईल असं हे काम आहे. एप्रिलमध्ये 64 मुलं आली होती. तिमाहीवार 17, 16, 16 आणि 15. म्हणजे चाचणीला येणाऱ्यांत फारसा फरक नव्हता. निवडलेली 18 मुलं मात्र 9, 5, 3 आणि 1 अशी निघाली. पहिल्या तिमाहीतली निम्म्याहून जास्त मुलं संघात आणि शेवटच्या तिमाहीतल्या पंधरांपैकी एकच. एका वर्षाची यादी छोटी असते, तेवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये. म्हणून सरांनी मागच्या तीन वर्षांच्या याद्याही काढल्या. उतार तसाच होता.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. निवडलेल्या मुलांना जास्त सराव, जास्त सामने आणि चांगलं मार्गदर्शन मिळतं. वर्षभरात ती खरोखरच पुढे जातात आणि पुढच्या निवडीत सर म्हणतात, "बघा, आमची पारख बरोबर होती." वगळलेलं मूल दरम्यान घरी बसलेलं असतं. सुरुवातीला नसलेला फरक असा खरा होऊन बसतो.

"मग चाचणीच्या कागदावर जन्मतारीख लिहू का?" सरांनी विचारलं. एवढ्याने भागत नाही. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात (2017) खेळाडू हेरणाऱ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला वयाची माहितीच नव्हती, दुसऱ्याकडे जन्मतारखा होत्या आणि तिसऱ्या गटासमोर मुलांच्या जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले होते. तारखा हातात असूनही दुसऱ्या गटाचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. तो नाहीसा झाला फक्त तिसऱ्या गटात. मला याचं कारण साधं वाटतं. धावणारं मूल बघताना कुणी कागद बघत नाही, पण पाठीवरचा आकडा दिसतोच.

सरांनी सहा महिन्यांनी फेरचाचणी ठेवली आणि तसंच केलं. आठ-आठ जणांचे आठ संघ केले. प्रत्येक संघात सर्वांत मोठ्याला 1 क्रमांक आणि सर्वांत लहानाला 8. निरीक्षकांना अर्थ आधी सांगितला, मुलांना नाही. मुलांना सांगितलं तर 8 क्रमांक म्हणजे 'बाळ' असं चिडवणं सुरू होतं, ही सूचना मी आग्रहाने दिली होती. शेरे लिहितानाही 'ताकद कमी' असं न लिहिता चेंडू येण्याआधी मान वळवून बघतो का, दबावात पास कुठे देतो, असं लिहायचं ठरलं. या वेळी अठराची यादी 6, 5, 4 आणि 3 अशी आली.

या उपायाची मर्यादाही सरांना सांगितली. जर्सीचा क्रमांक जन्मतारीख सांगतो, शरीराची वाढ किती झाली ते सांगत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांची उंची सर्वांत वेगाने साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास वाढते, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची नंतर. त्यामुळे डिसेंबरचं मूलही तेराव्या वर्षी गटात सर्वांत दांडगं असू शकतं. त्या वयात आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची प्रौढपणीची अंदाजे उंची काढतात, तिच्या किती टक्के तो पोचला ते बघतात आणि तेवढ्याच टक्क्यांची मुलं काही सामन्यांपुरती एकत्र खेळवतात. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांत हे करून पाहिलं आहे. लहान चणीच्या मुलांना तिथे आपलं कौशल्य दाखवायला जागा मिळते आणि लवकर वाढलेल्यांना फक्त धक्क्यावर जिंकता येत नाही.

ताई, तुमच्या मुलाचं नाव फेरचाचणीच्या अठरात आलं नाही. तो एकोणिसावा होता. सरांनी मात्र पुढची आठ मुलं सोडून दिली नाहीत. आठवड्यातून तीनदा तोच सराव आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहणी, असं ठरवलं. खेळ बदलायचा प्रश्न मी त्यालाच विचारला. त्याने उत्तर दिलं नाही, फक्त सरांच्या वहीतलं मित्राचं पुढचं पान दाखवायला सांगितलं. मित्राच्या उंचीचा शेवटचा आकडा त्याने आपल्या वहीत उतरवून घेतला आणि त्याच्यापुढे स्वतःसाठी तारीख लिहिली, अकरा महिन्यांनंतरची.