फूड कॉस्ट दर महिन्याला वरखाली का होते?

प्रश्न: नाशिकला मिसळीचं हॉटेल आहे. खरेदी भागिले विक्री केलं की फूड कॉस्ट एका महिन्यात ३०, दुसऱ्यात ३८ टक्के येते. खरी कशी काढायची?

उत्तर: खरेदी केलेला सगळा माल त्याच महिन्यात संपत नाही, म्हणून. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, एवढाच माल वापरला गेला. समजा १ तारखेला साठा ८०,००० चा, खरेदी २,६०,००० आणि अखेरीस मोजून ६०,००० उरला. वापर २,८०,०००. जीएसटी सोडून विक्री ८ लाख, म्हणजे ३५ टक्के.

घोळ होतो तो शेवटच्या रात्री. ३१ला संध्याकाळी १६,००० चं तेल उतरलं, मोजणीत धरलं, पण बिल १ तारखेला वहीत चढलं. मग खरेदी २,४४,००० दिसते आणि फूड कॉस्ट ३३ टक्के! पुढच्या महिन्यात तोच बोजा उलटा बसतो. आमच्याकडे हे दोनदा झालं, उगाच वस्तादावर संशय घेतला.

म्हणून गल्ला बंद झाल्यावर, सकाळचा पाववाला यायच्या आत मोजा. अर्धा डबा तेल अंदाजाने नको, काट्यावर ठेवा आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. फ्रीजरमधलं वाटणही सोडू नका. पोरांचं जेवण वेगळं लिहून वापरातून वजा करा.