व्यायाम करूनही लघवी गळते? आधी पॅडचं वजन करा

प्रश्न: वडिलांची प्रोस्टेट ग्रंथी कॅन्सरमुळे काढली, त्याला पाच महिने झाले. लघवी अडवणारा स्नायू आवळायचे केगलचे व्यायाम रोज करतात, तरी लघवी गळते. आता लघवी अडवण्यासाठी ऑपरेशन करून स्लिंग किंवा कृत्रिम स्फिंक्टर बसवून घ्यावं का?

उत्तर: एवढ्यात नको. पण नुसती वाटही बघत बसू नका. आधी दोन गोष्टी तपासा: व्यायाम बरोबर होतोय का आणि दिवसाला नेमकी किती लघवी गळते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे बहुतेक याच तक्रारीचे पुरुष येतात. व्यायाम करूनही फरक नाही असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण भलताच स्नायू आवळत असतात.

पुरुषाच्या शरीरात लघवी दोन ठिकाणी अडवली जाते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आपोआप बंद राहतो. प्रोस्टेटच्या खालचा दुसरा स्नायू आपण ठरवून आवळू शकतो. प्रोस्टेट काढताना वरची व्यवस्था बहुतेक निघूनच जाते आणि सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. म्हणून खोकताना, खुर्चीतून उठताना, वजन उचलताना गळते. दिवसभर राबून तो स्नायू थकतो, त्यामुळे संध्याकाळी जास्त गळते. रात्री झोपेत मात्र बरेच जण कोरडे असतात. वडिलांचं असंच असेल तर ते अपेक्षित आहे, आणि सुधारणा पहिल्या वर्षभर होत राहू शकते.

आता व्यायामाकडे येतो. अलीकडेच एक चौसष्ट वर्षांचे गृहस्थ आले होते, त्यांचाही पाचवा महिना चालू होता. रोज दोनशे वेळा आवळतो, म्हणाले. गुडघे मुडपून पाठीवर झोपायला सांगितलं आणि आवळायला लावलं. ढुंगण उचललं गेलं, मांड्या जवळ आल्या, श्वास रोखला गेला आणि पोट फुगलं. पोट असं फुगलं की दाब खाली जातो, म्हणजे ज्या स्नायूने लघवी अडवायची त्याच्यावरच आपण जोर टाकतो. शिवाय "शौच अडवल्यासारखं आवळा" एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्याने गुदद्वाराभोवतीचा स्नायू चांगला आवळला जातो, पण पुढचा, मूत्रमार्गाभोवतीचा, पुरेसा कामाला लागत नाही.

मी पुरुषांना दुसरी सूचना देतो: शिश्न आत ओढून आखूड करायचंय असं समजा, किंवा लघवीची धार मधेच थांबवायची आहे असं. समोर आरसा धरला तर बरोबर आवळल्यावर शिश्नाचं मूळ किंचित आत जाताना आणि वृषण वर उचलले जाताना दिसतात. पोट, मांड्या आणि ढुंगण सैलच राहायला हवेत आणि बोलता आलं पाहिजे. आवळून धरून एक ते पाच मोठ्याने मोजता येत नसेल तर श्वास रोखला जातोय हे नक्की. धार थांबवणं ही फक्त कल्पना करायची. खरोखर लघवी करताना रोज असा सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

त्या गृहस्थांचे दोनशे मी बंद केले. पाच सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी चार-पाच झटपट आकुंचनं. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे, कारण सतत आवळलेला स्नायू गरजेच्या वेळी साथ देत नाही. पुढची पायरी सर्वांत मोलाची: खोकला येण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी, पिशवी उचलण्याआधी क्षणभर आवळायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत कितीही व्यायाम केला तरी पॅड ओलं होतच राहतं.

आता मोजमाप. "दिवसाला तीन पॅड" याला फारसा अर्थ नाही, कारण कुणी थेंब पडला की बदलतो तर कुणी भिजून जड होईपर्यंत वापरतो. चोवीस तासांतले सगळे वापरलेले पॅड बंद पिशवीत ठेवा, स्वयंपाकघरात असतो तसल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि तेवढ्याच कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. नेहमीसारखा गेलेला दिवस निवडा. या गृहस्थांचं पहिलं वजन 310 ग्रॅम आलं, दीड महिन्याने 160, नवव्या महिन्यात 90. त्यानंतर मात्र आकडा हलेना. वर्ष झाल्यावरही चढावर चालताना पॅड लागायचंच, तेव्हा त्यांनी युरॉलॉजिस्टशी स्लिंगचं बोलणं केलं.

निर्णय असाच घ्यायचा असतो. आकडा उतरत असेल तर थांबा. बरोबर व्यायाम करूनही सहा महिन्यांनंतर तो अजिबात हलत नसेल आणि त्रास मोठा असेल, तर ऑपरेशनची चर्चा सुरू करता येते. वर्षानंतरही गळणं त्रासदायक असेल तर ती करायलाच हवी. त्याआधी युरॉलॉजिस्ट दुर्बिणीने मूत्रमार्ग बघतात, कारण प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाला जोडलेल्या जागी तो अरुंद झाला असेल तर ते आधी सोडवावं लागतं. धार बारीक होत चालली असेल, कुंथावं लागत असेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल, तर मात्र सहा महिन्यांची वाट न बघता लगेच दाखवा. गळण्याआधी घाईची लागत असेल, तर दोष मूत्राशयाचाही असू शकतो आणि त्यावर औषध वेगळं असतं.

स्लिंग म्हणजे मूत्रमार्गाखालून घातलेली जाळीची पट्टी. ती मार्गाला आधार देऊन किंचित वर सरकवते. रुग्णाला काही दाबावं-सोडावं लागत नाही. पण खालच्या स्नायूत थोडाफार जीव शिल्लक असेल आणि गळणं कमी ते मध्यम असेल, तरच ती चांगली चालते. रेडिएशन झालेल्यांत आणि खूप गळणाऱ्यांत तिचा भरवसा कमी.

अशांसाठी कृत्रिम स्फिंक्टर. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेला पट्टा, ज्याला कफ म्हणतात, ओटीपोटात एक छोटा फुगा आणि अंडकोषाच्या पिशवीत पंप. लघवीला जाताना पंप दाबला की कफमधलं पाणी फुग्यात जातं, मार्ग मोकळा होतो आणि दोन-तीन मिनिटांत कफ आपोआप पुन्हा भरतो. ऑपरेशननंतर जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, तो बंदच ठेवतात. तेवढे दिवस गळणं चालूच राहणार, हे आधी माहीत असलेलं बरं. हाताला पंप दाबण्याइतकी ताकद आणि तो वापरायची समज हवी. संसर्ग होणं, कफ मूत्रमार्गात रुतणं किंवा यंत्र बिघडणं यामुळे काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, हेही धरून चाला.

हे यंत्र बसवलं तर वडिलांच्या पाकिटात तशी चिठ्ठी कायम ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पुढे दुसऱ्या कुठल्या आजारात कुणी लघवीची नळी घालायला आलं, तर त्याआधी कफ रिकामा करून यंत्र बंद करावं लागतं. भरलेल्या कफमधून नळी रेटली तर मूत्रमार्गाला इजा होते, आणि बेशुद्ध रुग्ण ते सांगू शकत नाही.