दोन शिक्षक, चार वर्ग: वेळापत्रक कुठून सुरू करावं

कोरा तक्ता आधी बाजूला ठेवा आणि वर्गांच्या जोड्या ठरवा. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, हे सहसा सोपं पडतं. मग प्रत्येक तासाला पाहा: यात शिक्षकाची गरज कोणत्या वर्गाला जास्त आहे?

समजा तिसरी-चौथीचा 40 मिनिटांचा तास आहे. दोघांनाही गणित लावलं, तर दोन्हीकडे नवीन भाग समजवायचा आणि दोन्हीकडे मुलं अडून बसणार. म्हणून तिसरीला गणित, चौथीला भाषेचं लेखन लावा. पहिली 5 मिनिटं चौथीला काम समजावून द्या. तोवर तिसरी पाढे लिहील. पुढची 20 मिनिटं तिसरीला शिकवा. मग तिसरी उदाहरणं सोडवत असताना 10 मिनिटं चौथीच्या वह्या पाहा. उरलेल्या वेळात तिसरीची उत्तरं तपासा. पुढच्या तासाला अदलाबदल.

तास अर्धाच झाला असताना चौथीतली मुलं ‘सर, झालं’ म्हणत येऊ लागली, तर नेमून दिलेलं काम कमी पडतंय. फळ्याच्या कोपऱ्यात जादा काम आधीच लिहून ठेवा.

तास समान वाटून घेतले म्हणजे भार समान झाला, असं मात्र नाही. पहिलीची मुलं फार वेळ आपापलं काम करत नाहीत, त्यामुळे तिथल्या शिक्षकाला दिवसभर बोलावं लागतं. चारही वर्गांचा खेळ एकत्र ठेवा आणि तो तिसरी-चौथीच्या शिक्षकाने घ्यावा. तेवढ्यात पहिली-दुसरीच्या शिक्षकाच्या वह्या तपासून होतात.