न्यूटन-रॅफसन पद्धत 0 आणि 1 मध्ये का अडकते?

प्रश्न: न्यूटन-रॅफसनचं सूत्र पाठ आहे, पण ते का चालतं ते डोक्यात शिरत नाही. एखादं उदाहरण तीन पायऱ्यांपर्यंत करून दाखवाल का? शिवाय x³ − 2x + 2 = 0 साठी 0 पासून सुरुवात केली तर माझा प्रोग्राम 1, 0, 1, 0 असंच छापत बसतो. कोडमध्ये चूक आहे का?

उत्तर:

कोड बरोबर आहे. कागदावर हातानं केलंत तरी 1, 0, 1, 0 हेच येईल. पण तिकडे वळण्याआधी याच्या अगदी जवळचं दुसरं समीकरण घेऊ:

x³ − 2x − 5 = 0

तुमच्या समीकरणात आणि यात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा आहे. आलेख काढलात तर दिसेल की हा वक्र जसाच्या तसा 7 एकक वर सरकवला की तुमचा वक्र मिळतो. आकार तोच, प्रत्येक x पाशी चढही तोच. तरीसुद्धा एक सुतासारखा सरळ सुटतो आणि दुसरा जागच्या जागी फिरत राहतो, म्हणून ही जोडी मला फार आवडते.

आधी सूत्र कुठून येतं ते. वक्र X-अक्षाला कुठे छेदतो ते आपल्याला माहीत नाही. पण एका x पाशी दोन गोष्टी काढता येतात: वक्र अक्षापासून किती उंचीवर आहे, म्हणजे f(x), आणि तिथे त्याचा चढ किती आहे, म्हणजे f′(x). एवढ्या माहितीवर त्या बिंदूतून स्पर्शिका काढता येते. वक्र अक्षाला कुठे भेटतो हे शोधणं अवघड, पण सरळ रेषा कुठे भेटते हे शोधणं सोपं. उंची भागिले चढ एवढं अंतर सरकलं की रेषा अक्षावर येते. तो बिंदू आपला पुढचा अंदाज:

नवा x = x − f(x) / f′(x)

सूत्रात याहून जास्त काही दडलेलं नाही. वक्राऐवजी क्षणभर त्याची स्पर्शिका खरी मानायची, तिचं उत्तर घ्यायचं आणि तिथे जाऊन नवी स्पर्शिका काढायची.

आता f(x) = x³ − 2x − 5 आणि f′(x) = 3x² − 2. x = 2 ला f ची किंमत −1 येते आणि x = 3 ला 16, म्हणजे मूळ या दोघांच्या मध्ये, आणि 2 च्या जास्त जवळ असावं. सुरुवात 2 पासून करू.

पहिली पायरी. f(2) = −1, f′(2) = 10. नवा अंदाज 2 + 1/10, म्हणजे 2.1.

दुसरी पायरी. f(2.1) = 9.261 − 4.2 − 5 = 0.061. चढ f′(2.1) = 13.23 − 2 = 11.23. 0.061 ला 11.23 ने भागलं की 0.0054319 येतात, ते वजा केले की 2.0945681.

तिसरी पायरी. इथे f ची किंमत सुमारे 0.0001857 उरते आणि चढ 11.1616 आहे. भागाकार 0.0000166394. वजा केल्यावर 2.0945514817.

खरं मूळ 2.0945514815… आहे. प्रत्येक वेळी किती चुकलो होतो ते क्रमानं बघा: सुरुवातीला 0.095, मग 0.0054, मग 0.000017, आणि शेवटी 0.00000000016 च्या आसपास. चूक दर पायरीला ठरावीक पटीनं कमी होत नाही, ती मागच्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात येते. स्पर्शिका आणि वक्र यांच्यातलं अंतर बिंदूपासून दूर जाल तसं वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून असं होतं. या मुळाजवळ नवी चूक ही जुन्या चुकीचा वर्ग गुणिले साधारण 0.56 एवढी असते. त्यामुळे बरोबर आलेल्या अंकांची संख्या दर खेपेला जवळपास दुप्पट होते. अर्थात हे सगळं मुळाच्या पुरेसं जवळ असताना. लांब असताना वर्ग करून काहीच कमी होत नाही.

जाता जाता, हे उदाहरण मी मनानं घेतलेलं नाही. खुद्द न्यूटननं १६६९ च्या लेखनात हेच समीकरण सोडवून दाखवलं आहे. मात्र त्यानं स्पर्शिका काढली नव्हती. x च्या जागी 2 + p घातलं, p³ + 6p² + 10p − 1 = 0 मिळवलं, p लहान आहे म्हणून p² आणि p³ सोडून दिले आणि p = 0.1 काढला. मग p च्या जागी 0.1 + q, आणि पुन्हा तेच. आकडे आपल्यासारखेच येतात, कारण वरच्या घातांची पदं टाकून देणं म्हणजेच वक्राऐवजी स्पर्शिका घेणं. रॅफसननं १६९० मध्ये दर वेळी नवं समीकरण न मांडता मूळ समीकरणातच किंमत घालत जायची रीत दिली.

आता हा वक्र 7 ने वर सरकवू. f(x) = x³ − 2x + 2, f′(x) = 3x² − 2, सुरुवात 0 पासून.

f(0) = 2, चढ −2. नवा अंदाज 0 + 2/2 = 1.
f(1) = 1, चढ 1. नवा अंदाज 1 − 1 = 0.

सुटलो म्हणेपर्यंत परत 0 वर. पूर्णांकांचं गणित आहे, त्यामुळे दशांश छाटल्यामुळे होणाऱ्या चुकीवरही खापर फोडता येत नाही.

आलेखात काय चाललंय ते बघा. या वक्राला x = 0.816 च्या आसपास एक खळगा आहे. पहिल्या समीकरणात त्या खळग्याचा तळ अक्षाच्या खाली होता, म्हणून वक्र तिथून वर येताना अक्ष छेदायचा आणि तिथेच मूळ होतं. 7 ने वर सरकवल्यावर तळ अक्षाच्या वर 0.91 वर लटकतो. वक्र अक्षाकडे झुकतो, पण न शिवताच परत वर जातो. x = 0 वरून बघितलं तर वक्र खाली उतरताना दिसतो, म्हणून स्पर्शिका म्हणते, उजवीकडे जा, 1 वर मूळ आहे. x = 1 वर खळगा ओलांडून झालेला असतो आणि वक्र वर चढत असतो, म्हणून तिथली स्पर्शिका म्हणते, मागे जा, 0 वर मूळ आहे. दोघी आपापल्या जागी बरोबरच आहेत, फक्त मधला तळ अक्षापर्यंत पोचत नाही हे एका बिंदूपाशी उभं राहून कळत नाही. खरं मूळ पार डावीकडे, −1.769 पाशी आहे, आणि तिकडे कोणीच बोट दाखवत नाही.

सुरुवात जरा हलवली तर सुटेल असं वाटेल. 0.1 पासून करून बघा: 1.0142, 0.0797, 1.0091, 0.0522, 1.0040, 0.0233… हे फेऱ्यातून बाहेर पडत नाही, उलट 0 आणि 1 वर अधिकाधिक घट्ट बसत जातं. कारण f″(x) = 6x ही 0 ला शून्य होते. तिथे स्पर्शिका वक्राला इतकी चिकटून असते की सुरुवातीतला थोडासा फरक पुढच्या अंदाजात आणखी लहान होऊन जातो. ज्या गुणामुळे पद्धत मुळाकडे झपाट्यानं जाते, त्याच गुणानं ती इथे या फेऱ्याकडे ओढली जाते. म्हणजे 0 च्या आजूबाजूला सुरुवातीच्या बिंदूंचा अख्खा पट्टाच वाया गेलेला आहे.

हे ओळखायचं कसं? दर पायरीला x बरोबर f(x) सुद्धा छापा. पहिल्या समीकरणात f च्या किमती −1, 0.061, 0.000186 अशा कोसळत गेल्या. इथे त्या 2, 1, 2, 1 अशाच राहतात. फक्त पायऱ्या मोजून थांबणारा प्रोग्राम मात्र धोक्याचा. पन्नास खेपा करून शेवटचा x परत दिला तर 0 मिळतो, एक्कावन्न केल्या तर 1, आणि दोन्ही आकडे दिसायला मोठे व्यवस्थित उत्तरासारखे दिसतात.

−2 पासून सुरुवात केलीत तर −1.8, −1.76995, −1.769293 असं सरळ मुळावर जाल. पण प्रत्येक समीकरणाला आलेख काढून चांगली सुरुवात शोधणं शक्य नसतं. मी मूळ आधी दोन बिंदूंच्या मध्ये कोंडून घेतो, एकाला f ऋण आणि दुसऱ्याला धन. स्पर्शिकेनं सांगितलेला बिंदू त्या मर्यादेबाहेर गेला तर तिचं ऐकायचं नाही, सरळ मधला बिंदू घ्यायचा:

```python
def root(f, df, a, b, tol=1e-10):
    x = (a + b) / 2
    for k in range(100):
        if f(x) == 0:
            return x
        if f(a) * f(x) < 0:
            b = x
        else:
            a = x
        d = df(x)
        new = x - f(x) / d if d != 0 else a
        if not (a < new < b):
            new = (a + b) / 2
        if abs(new - x) < tol:
            return new
        x = new
    raise RuntimeError("no convergence")
```

चढ शून्य आला तरी हे कोलमडत नाही, तेव्हाही मधलाच बिंदू घेतला जातो. a आणि b ला f ची चिन्हं विरुद्ध आहेत याची खात्री मात्र तुम्हीच करायची, आणि a लहान हवा. x² = 0 सारखं समीकरण, जिथे वक्र अक्षाला टेकून परत फिरतो, तिथे चिन्ह बदलतच नाही, त्यामुळे ही युक्ती लागू होत नाही.

तुमच्या समीकरणाला a = −2 आणि b = 1 द्या, म्हणजे मुद्दाम तो अडकणारा 1 सुद्धा मर्यादेत घेतलेला. f(−2) = −2 आणि f(1) = 1, चिन्हं विरुद्ध आहेत. सुरुवात −0.5 वर होते. तिथली स्पर्शिका 1.8 वर पाठवते, ते बाहेर, म्हणून −1.25. तिथली स्पर्शिका −2.2 च्या आसपास पाठवते, तेही बाहेर, म्हणून −1.625. आता कुठे स्पर्शिका शहाण्यासारखं बोलते: −1.7869, मग −1.7695, आणि तिथून पुढे अंक दुप्पट होत जातात.