रोख्यांची प्रश्नोत्तरे: रिझर्व्ह बँक बाँड विकत घेते तेव्हा

मी बावीस वर्षे एका बँकेच्या ट्रेझरीत रोख्यांची खरेदी-विक्री केली. 'क्यूई' म्हणजे क्वान्टिटेटिव्ह ईझिंग: मध्यवर्ती बँकेने नवा पैसा निर्माण करून मोठ्या प्रमाणावर रोखे विकत घेणे. त्याबद्दल येणाऱ्या पत्रांत अजूनही तोच घोळ असतो: नोटा, छापखाना, सरकारला फुकटचा पैसा. म्हणून या वेळी उत्तरे देताना मुख्यतः २०२१ सालचा आपल्याकडचा जी-सॅप, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा सरकारी रोखे खरेदीचा कार्यक्रम, समोर ठेवतो. तिने त्याला क्यूई म्हटले नाही, पण कृती त्याच जातीची होती.

रिझर्व्ह बँक नोटा छापून बाँड विकत घेते, हे खरे का? (वाचक, सांगली)

नाही. नोटेचा यात काही संबंध नाही, नोंद संगणकात होते.

मग पैसा येतो तरी कुठून? कुणाच्या खात्यातून जातो? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, नाशिक)

कुणाच्याही खात्यातून जात नाही, आणि नेमके हेच लोकांना पटत नाही.

७ एप्रिल २०२१ ला गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी जाहीर केले की एप्रिल ते जून या तिमाहीत रिझर्व्ह बँक बाजारातून एक लाख कोटी रुपयांचे सरकारी रोखे घेईल. पहिला २५ हजार कोटींचा हप्ता १५ एप्रिलला. रोखे ती आधीही घेत होतीच; २०२०-२१ मध्ये तिने निव्वळ ३.१३ लाख कोटींचे घेतले होते. नवे होते ते रक्कम आधीच सांगून टाकणे. तोवर डीलर 'घेतील की नाही घेतील' या अंदाजावर चालायचे. आता गिऱ्हाईक किती माल उचलणार, हे मंडईतल्या सगळ्यांना ठाऊक झाले.

आता एक व्यवहार जवळून पाहा. समजा एका बँकेकडे १०० कोटींचे दर्शनी मूल्य असलेला रोखा आहे. लिलावाच्या दिवशी तिचा डीलर रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवर देकार टाकतो: '९८ रुपये ९० पैशांना देतो'. देकार मंजूर झाला की रोखा रिझर्व्ह बँकेच्या नावे होतो आणि त्या बँकेचे रिझर्व्ह बँकेत जे चालू खाते असते, त्यात ९८.९० कोटी जमा होतात. समोर कुणाच्याही खात्याला नावे टाकलेले नसते. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात एका बाजूला रोखा वाढला, दुसऱ्या बाजूला बँकेचे देणे वाढले. हाच तो नवा पैसा.

रोखा विमा कंपनीने विकला असेल तर एक पायरी वाढते. तिच्या बँकेतली ठेव वाढते आणि त्या बँकेचे रिझर्व्ह बँकेतले खातेही वाढते.

शेवटी सरकारलाच पैसे पुरवले ना? हात फिरवून घास घेण्यासारखेच झाले! (निवृत्त शासकीय अधिकारी, नागपूर)

अर्धे बरोबर आहे. सरकार नवा रोखा विकायला काढते तेव्हा तो थेट घेण्यास रिझर्व्ह बँकेला १ एप्रिल २००६ पासून वित्तीय जबाबदारी कायद्याने मज्जाव आहे. अपवाद आहेत, पण मोजकेच. ती घेते ते आधीच बँकांकडे, विमा कंपन्यांकडे असलेले रोखे.

पण २०२१ चा अर्थसंकल्प आठवा. केंद्राने सुमारे बारा लाख कोटींची ढोबळ कर्जउभारणी जाहीर केली, बाजार घाबरला आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा टक्क्यांच्या वर सरकला. परतावा म्हणजे आजच्या किमतीला रोखा घेतला तर मिळणारा वार्षिक दर. तो वाढला की सरकारला कर्ज महाग पडते, पाठोपाठ कंपन्यांनाही. मोठा खरेदीदार उतरला की रोख्याची किंमत चढते, आणि किंमत चढली की परतावा उतरतो. त्या वर्षी दर सहाच्या आसपास राहिला त्याला हे एक कारण. सरकारचा फायदा झालाच. मात्र तो खिशात पैसे घालून नव्हे, व्याजाचा दर दाबून झाला. हा फरक फार बारीक आहे असे म्हणणारे अर्थतज्ज्ञही आहेत, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

बाजारात एवढा पैसा सोडला, मग आमच्या कारखान्याला बँकेने वाढीव कर्ज का दिले नाही? (लघुउद्योजक, इचलकरंजी)

कारण जमा झालेला पैसा कर्ज म्हणून वाटायलाच हवा, अशी सक्ती बँकेवर नसते. गिऱ्हाईक भरवशाचे वाटले नाही, किंवा ऑर्डर नसल्यामुळे गिऱ्हाईकच आले नाही, तर बँक तो पैसा रिझर्व्ह बँकेकडेच परत ठेवते. त्या वेळी अशा पैशावर, म्हणजे रिव्हर्स रेपोवर, ३.३५ टक्के मिळत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकांकडची अशी जादा रोकड दररोज सरासरी नऊ लाख कोटींच्या घरात होती. धरण भरले म्हणून कालव्याच्या टोकाच्या शेतात पाणी पोहोचतेच असे नाही, हे इचलकरंजीकरांना मी काय सांगणार.

क्यूईची मर्यादा इथेच आहे. त्याने व्याजदर खाली येतो, कर्जाची मागणी निर्माण होत नाही. तुमच्या प्रस्तावात नेमके काय अडले ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. सनदी लेखापालाला घेऊन शाखेत जा आणि नकाराचे कारण लेखी मागा.

त्या काळात मुदत ठेवीचे व्याज पडले ते यामुळेच का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

मुख्यतः रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणल्यामुळे. पण जादा रोकडीनेही हातभार लावला. पैसा उतू जात असताना बँक तुमच्या ठेवीसाठी कशाला जास्त मोजेल?

एजंट म्हणतो, 'सरकारी रोख्यांचा फंड आहे, बुडण्याचा प्रश्नच नाही, रिझर्व्ह बँक स्वतः घेते आहे.' २०२१ मध्ये पाच लाख घातले, पुढच्या वर्षी आकडा खाली दिसला. असे कसे? आता काय करू? (गृहिणी, डोंबिवली)

ताई, हे पत्र तुम्ही पैसे घालण्याआधी लिहायला हवे होते. एजंटचे पहिले वाक्य खरे, दुसरेही एका अर्थाने खरे, आणि तिसरे हे विक्रीचे सगळ्यात जुने हत्यार.

सरकार पैसे बुडवणार नाही हे मान्य. पण रोख्याची रोजची किंमत सरकार ठरवत नाही, बाजारातला व्याजदर ठरवतो. दहा वर्षांचा एक रोखा घ्या, दर्शनी किंमत १०० रुपये, व्याज दरसाल ६ रुपये. बाजारातला दर सहा टक्के असेल तर त्याची किंमत बरोबर १०० रुपये. उद्या दर साडेसात झाला, तर नवा रोखा साडेसात रुपये देत असताना तुमचा सहावाला १०० रुपयांना कोण घेईल? त्याची किंमत सुमारे ८९ रुपये ७० पैशांवर येते. तोच रोखा तीस वर्षांचा असता तर ८२ च्या आसपास, आणि एकच वर्ष उरले असते तर साडेअठ्ठ्याण्णव. मुदत लांब, तितका दणका मोठा. कुणीही काहीही न बुडवता हे घडते.

आणि नेमके तसेच घडले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत रिझर्व्ह बँकेने आणखी १.२ लाख कोटींची खरेदी जाहीर केली होती, पण ८ ऑक्टोबर २०२१ च्या पतधोरणात जी-सॅप थांबवला. मोठे गिऱ्हाईक बाजारातून उठले. ४ मे २०२२ ला ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. दहा वर्षांचा परतावा जून २०२२ मध्ये साडेसातच्या आसपास पोहोचला. म्हणजे 'रिझर्व्ह बँक घेते आहे' हे वाक्य खरेदीचे कारण म्हणून सांगितले जात होते, तेव्हा किंमत आधीच चढलेली होती. खरेदीदार जाहीर करून येतो, तसा तो जाहीर करून जातोही. जाताना एजंटचा फोन येत नाही.

यात फक्त घरगुती गुंतवणूकदार फसले असे समजू नका. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या क्यूईच्या काळात ठेवींचा पूर आला, तेव्हा सिलिकॉन व्हॅली बँकेने तो पैसा लांब मुदतीच्या, सरकारी पाठबळाच्या रोख्यांत घातला. दर चढले. ठेवीदार पैसे मागू लागले तेव्हा बँकेला सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे १.८ अब्ज डॉलरच्या तोट्यात विकावे लागले आणि १० मार्च २०२३ ला ती बंद पडली. तिच्याकडे पदवीधारकांची फौज होती.

आता काय करायचे? फंडाच्या मासिक माहितीपत्रकात 'Modified Duration' असा एक आकडा असतो. तो ७ असेल, तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर किंमत ढोबळमानाने ७ टक्के पडते. दर उतरला तर तेवढीच चढते. मधल्या काळातले व्याज थोडी झीज भरून काढते. हा आकडा आणि तुम्हाला पैसे लागतील ते वर्ष शेजारी शेजारी मांडा. मुलीच्या फीसाठी दोन वर्षांत पैसे हवेत आणि आकडा ७ किंवा ८ असेल, तर तो फंड त्या पैशाचा नाही. पैसे दहा वर्षे लागणार नसतील तर घाबरून विकणेही तितकेच चूक. यातले तुमचे कोणते, हे मला पत्रावरून कळत नाही, म्हणून 'ठेवा' किंवा 'काढा' असे लिहिणार नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या आणि फी घेणाऱ्या गुंतवणूक सल्लागाराकडे जा. ज्याला फंडाकडून दलाली मिळते त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

अमेरिकेने क्यूई थांबवले तर आमच्या रुपयाला काय त्याचे? (वाचक, म्हापसा)

२०१३ आठवा. फेडरल रिझर्व्ह म्हणजे फेड महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे घेत होती. २२ मे रोजी तिचे अध्यक्ष बर्नान्के यांनी हा वेग कमी करता येईल एवढेच सुचवले, आणि ५५ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या पुढे गेला. खरेदी कमी करण्याचा निर्णय तर डिसेंबरमध्ये झाला. परदेशात फी भरायची असेल तर सगळी रक्कम शेवटच्या दिवसावर ठेवू नका, बँकेच्या परकीय चलन विभागाशी आधीच बोला.

व्हॉट्सअ‍ॅपवर आले आहे: 'रिझर्व्ह बँकेने आज बाँड घेतले, क्यूई पुन्हा सुरू, सोने घ्या.' घेऊ का? (वाचक, पुणे)

एका दिवसाच्या खरेदीला क्यूई म्हणत नाहीत. सणासुदीला लोक नोटा काढतात, आगाऊ कर भरला जातो, बँकांची रोकड आटते. ती भरून काढायला रिझर्व्ह बँक अधूनमधून रोखे घेतेच. रक्कम आणि कालावधी आधी जाहीर करून मोठी खरेदी होते आहे का, ते तिच्या संकेतस्थळावरच्या प्रसिद्धिपत्रकात पाहा. आणि सोन्याचे प्रश्न मी घेत नाही.