अपलोड लागला की कॉल का अडकतो

आधी प्लॅन बदलू नकोस. घणसोलीच्या घरी लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढताना कॉल अडकतो, कारण लाइनच्या तोंडाशी पॅकेटांची लांब रांग साचते आणि कॉलचं इवलंसं पॅकेट तिच्या शेवटी उभं राहतं.

खात्री करायला अपलोड चालू असताना `ping 1.1.1.1` लाव, शक्यतो केबलवरून. एरवी ५ मिलिसेकंद आणि आता ३००? मग हेच दुखणं.

ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर रांग आवरणारं `luci-app-sqm` पॅकेज टाक, त्यात इंटरनेटकडचा वॅन इंटरफेस आणि रांग लावायची पद्धत म्हणून `cake` निवड. अपलोड ४० एमबीपीएस मोजला असेल तर अपलोडच्या रकान्यात `36000` लिही. हा रकाना केबीपीएसचा असतो. नवखे हमखास पूर्ण `40000` लिहितात. मग रांग राउटरच्या पुढच्या मोडेममध्येच साचते आणि तुझ्या राउटरला कॉल पुढे काढता येत नाही.

पुन्हा पिंग बघ. अजून चढत असेल तर आकडा थोडा उतरव.